ब्रह्मगिरीचा चढ नक्की किती? उंचीचा आलेख वाचताना

त्र्यंबकेश्वरहून ब्रह्मगिरीवर जाऊन आलेला एकच जीपीएक्स ट्रॅक घ्या आणि तीन वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये टाकून बघा. अंतर तिन्हीकडे जवळपास सारखं येईल. पण ‘एकूण चढ’ या रकान्यात तीन वेगळे आकडे दिसण्याची शक्यता बरीच आहे, आणि फरक दहा-वीस मीटरांचा नसून कधीकधी काही शे मीटरांचा असतो. डोंगर एक, वाट एक, चालणाराही एकच. मग कुठलं अ‍ॅप बरोबर?

भूगोल, पर्यावरणशास्त्र किंवा भूमाहितीशास्त्रात संशोधनाकडे वळणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्या फील्डवर्कच्या आधीच पडतो. त्याचं उत्तर ‘अमुक अ‍ॅप चांगलं’ असं नाहीये. चढ किती तीव्र आणि एकूण चढ किती, हे दोन्ही आकडे डोंगरावर जितके अवलंबून असतात तितकेच तुम्ही किती अंतराच्या पट्टीने मोजता यावरही असतात. ही पट्टी आलेखावर लिहिलेली नसते, ती आपल्याला शोधावी लागते. कशी, ते त्र्यंबकच्याच डोंगरांवर बघू.

आधी सरळ वाचन. उंचीच्या आलेखात आडव्या अक्षावर चाललेलं अंतर असतं आणि उभ्या अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची. आडवा अक्ष म्हणजे नकाशावरची दिशा नव्हे, हे लक्षात असू द्या. वाट दहा वळणं घेत वर गेली तरी आलेखात ती ताणून सरळ केलेली असते. ब्रह्मगिरीची उंची ४२४८ फूट, म्हणजे सुमारे १२९५ मीटर सांगितली जाते आणि त्र्यंबक गाव ७५० मीटरांच्या आसपास आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये मी खाली समजावण्यापुरता एक आलेख बसवला आहे. मधले आकडे मुद्दाम गोल केलेत, तुमच्या ट्रॅकमध्ये ते वेगळे येतील. वाटेचा क्रम मात्र खरा आहे: गाव, पायथा, चढण, कातळातल्या पायऱ्या, माथ्याची धार, आणि मग पलीकडच्या अंगाला थोडं उतरून जटाशंकराचं मंदिर.

| अंतर (किमी) | उंची (मी) | आधीच्या टप्प्याचा चढ |
|---|---|---|
| ० | ७५० | – |
| १.० | ८३० | ८ टक्के |
| २.० | १००० | १७ टक्के |
| २.६ | ११५० | २५ टक्के |
| ३.० | १२८० | ३२.५ टक्के |
| ३.३ | १२९५ | ५ टक्के |
| ४.० | १२४० | उतार, सुमारे ८ टक्के |

टक्के काढणं सोपं आहे. उंचीतला फरक भागिले आडवं अंतर, गुणिले शंभर. २.६ ते ३.० किलोमीटर या टप्प्यात ४०० मीटर चालताना १३० मीटर उंची वाढते, म्हणून ३२.५ टक्के. इथे अनेकांची गल्लत होते ती टक्के आणि अंश यांत. शंभर टक्के चढ म्हणजे उभा कडा नव्हे, ते ४५ अंश झाले. ३२.५ टक्के म्हणजे १८ अंश. कागदावर १८ अंशांची रेघ ओढली तर ती अगदीच निरुपद्रवी वाटते, पण पाठीवर सॅक घेऊन तेवढा चढ चढताना बोलणं बंद होतं. घरातल्या सर्वसाधारण जिन्याचा चढ ३० ते ३५ अंशांचा असतो. तुलनेला तो आकडा डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यावरून ताडता येतं.

आता एकूण चढ. जाताना गावापासून धारेपर्यंत ८० + १७० + १५० + १३० + १५ = ५४५ मीटर. मंदिरापर्यंत ५५ मीटर उतार. गाव आणि मंदिर यांच्या उंचीतला निव्वळ फरक ४९० मीटर आहे, पण तुमच्या पायांनी चढलेली उंची ५४५ आहे. आणि परतीच्या वाटेवर ते ५५ मीटर पुन्हा चढायचे आहेत. म्हणजे जाऊन-येऊन आठ किलोमीटर आणि एकूण चढ ६०० मीटर. ‘परत येताना काय, उतारच तर आहे’ असं म्हणणाऱ्याने आलेख उजवीकडून डावीकडे वाचलेला नसतो. परतीच्या वाटेसाठी तो तसा वाचायचा असतो, आणि पुढे दुर्गभांडारपर्यंत जाणार असाल तर हे अधिकच लागू आहे. तिथे उतरून चढायचं आणि मग तेच उलट करायचं असतं.

इथवर शाळेतलं गणित झालं. गडबड यापुढे आहे.

पहिली गडबड डोळ्यांची. स्क्रीनवर आलेख वीस सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच आहे असं समजा. ब्रह्मगिरीचा चार किलोमीटरचा आलेख त्यात बसवला तर आडवा एक सेंटिमीटर म्हणजे २०० मीटर. उभा अक्ष ७०० ते १३००, म्हणजे उभा एक सेंटिमीटर म्हणजे १२० मीटर. २०० भागिले १२०, सुमारे १.७. याला उभी अतिशयोक्ती म्हणतात: चित्रात चढ खऱ्यापेक्षा १.७ पट तीव्र दिसतोय. ३२.५ टक्क्यांचा कातळटप्पा चित्रात साधारण २८ अंशांचा दिसेल.

आता त्याच चौकटीत श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी टाका. तिसऱ्या सोमवारी लोक ज्या फेरीला लोटतात ती लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची. समजा त्या वाटेची उंची ७०० ते ९०० मीटरांच्या दरम्यान खालीवर होते. अ‍ॅप काय करतं, तर उभा अक्ष आपोआप त्या २०० मीटरांत बसवून टाकतं. आता आडवा एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि उभा एक सेंटिमीटर म्हणजे फक्त ४० मीटर. अतिशयोक्ती २५ पट. फेरीतला पाच टक्क्यांचा साधा चढ, ज्यावरून आजीसुद्धा गप्पा मारत जातात, तो चित्रात ५१ अंशांचा सुळका दिसतो. दोन आलेख शेजारी ठेवले तर फेरी म्हणजे करवतीचे दात आणि ब्रह्मगिरी म्हणजे एक शांत टेकडी, असं उलटं चित्र उभं राहतं.

म्हणून आलेखाच्या आकाराकडे बघून ‘केवढा चढ!’ म्हणायचं नाही. आधी दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचायचे, कुठल्याही संशयास्पद टप्प्याची दोन टोकं बोटाने पकडायची आणि भागाकार करायचा. दोन वाटांची तुलना करायची असेल तर दोन्ही आलेख एकाच उभ्या-आडव्या प्रमाणात स्वतः काढा. प्रबंधात असे आलेख शेजारीशेजारी छापताना अतिशयोक्तीचा आकडा चित्राखाली लिहिणं मी तरी सक्तीचं मानते.

दुसरी गडबड तीव्रतेची. वरच्या तक्त्यात ३२.५ टक्के हा आकडा ४०० मीटरांची सरासरी आहे. त्या ४०० मीटरांत शंभर मीटर ६० टक्क्यांच्या पायऱ्या असतील (६० मीटर चढ) आणि उरलेले तीनशे मीटर २३ टक्क्यांची पायवाट (७० मीटर चढ), तरी बेरीज १३० मीटरच होते आणि तक्त्यात तेच ३२.५ दिसतात. सरासरीने काहीही खोटं सांगितलेलं नाही. पण पाय घसरायचा तो त्या शंभर मीटरांतच.

याचं टोकाचं उदाहरण शेजारीच आहे: हरिहर. कातळात खोदलेल्या त्या सरळसोट जिन्यासाठीच लोक निरगुडपाड्याहून किंवा हर्षेवाडीहून चढतात. त्या पायऱ्या ‘ऐंशी अंशाच्या’ आहेत असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा मी वापरत नाही. उभ्या जिन्यावर उभं राहून माणसाला कोन नेहमी जास्तच वाटतो. गणितासाठी आपण जिन्याचा कोन ६० अंश धरू: २० मीटर आडव्या अंतरात ३५ मीटर उंची, म्हणजे १७५ टक्के. आता हा जिना आलेखात कसा उतरतो ते बघा.

बहुतेक अ‍ॅप उंची घेतात ती उपग्रह-रडारवरून केलेल्या भू-उंचीच्या जाळीतून. सर्वांत जास्त वापरली जाणारी जाळी म्हणजे एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानातून अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने मोजलेली. तिचा चौकोन सुमारे ३० मीटर बाय ३० मीटरचा आहे आणि एका चौकोनाला एकच उंची मिळते. आपला अख्खा जिना, आडव्या २० मीटरांसकट, एका चौकोनात मावतो! शेजारच्या चौकोनांमधून रेघ जोडताना तेच ३५ मीटर साधारण ६० मीटर अंतरावर पसरले जातात. १७५ टक्के होते, ते झाले ५८. साठ अंशांचे तीस झाले. त्यानंतर अ‍ॅप आलेख गुळगुळीत करायला दोनशे मीटरांची सरासरी घेत असेल, तर जिन्याचे ३५ मीटर आणि आजूबाजूच्या १८० मीटरांतल्या, समजा २५ टक्क्यांच्या, चढाचे ४५ मीटर, असे ८० मीटर २०० वर वाटले जातात. ४० टक्के, म्हणजे २२ अंश. घरच्या जिन्यापेक्षाही सोपा.

मग तो जिना आलेखात अजिबात दिसतच नाही का? दिसतो, पण आडून. तीव्र टप्पा शोधताना मी एकच सरासरी न घेता तीन पट्ट्यांनी मोजते: ५० मीटर, २०० मीटर आणि ५०० मीटर. प्रत्येक पट्टी आलेखावरून सरकवत न्यायची आणि प्रत्येकीला सापडलेला सर्वांत मोठा चढ लिहून ठेवायचा. तिन्ही आकडे जवळजवळ असतील तर वाट एकसारखी चढणारी आहे, दमवणारी पण सरळ. पट्टी लहान केल्यावर आकडा भराभर वाढत गेला, म्हणजे २० चे ४० आणि ४० चे ६० झाले, तर तिथे कुठेतरी एखादा लहान, उभा टप्पा दडलेला आहे, आणि आलेखात दिसतोय त्याहून तो अधिक उभा आहे असंच धरायचं. आलेख त्याचा खरा कोन सांगू शकत नाही. तो फक्त बोट दाखवतो की इथे बघ. पुढचं काम नकाशाचं, छायाचित्रांचं आणि गावातल्या माणसाला विचारण्याचं.

आता तिसरी आणि सर्वांत मजेदार गडबड, जिच्यामुळे सुरुवातीचे तीन आकडे जुळत नव्हते.

एकूण चढ काढायची रीत अशी: एकेक बिंदू घ्यायचा, पुढचा बिंदू वर असेल तर फरक मिळवायचा, खाली असेल तर सोडून द्यायचा. खाली जाणारे फरक सोडून दिले जातात, हीच मेख आहे. मोजमापातली चूक कधी वर असते कधी खाली, आणि सरासरीत अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात असं आपण शिकतो. पण इथे वरच्या चुका जमा होतात आणि खालच्या टाकून दिल्या जातात. म्हणजे चुका एकाच दिशेने साचत जातात.

किती साचतात? फेरीचं उदाहरण घ्या, पण वाट पूर्ण सपाट आहे असं समजा. २० किलोमीटर, दर दहा मीटरला एक बिंदू, म्हणजे २००० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या उंचीत फक्त एक मीटरची यादृच्छिक चूक (प्रमाण विचलन एक मीटर) आणि प्रत्येक चूक आधीच्या चुकीपासून स्वतंत्र. दोन लगतच्या बिंदूंतल्या फरकाचं प्रमाण विचलन होतं १.४१ मीटर, आणि त्याच्या फक्त धन बाजूची सरासरी काढली तर दर पावलाला ०.५६ मीटर येते. गुणिले २०००. सपाट रस्त्यावर तुम्ही ११०० मीटरांहून जास्त चढलात! ब्रह्मगिरी दोनदा चढल्याइतकं. प्रत्यक्षात जीपीएसच्या लागोपाठच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून फुगवटा इतका होत नाही. पण दिशा हीच राहते.

आणि यातली गंमत अशी की खऱ्या उभ्या चढावर हा फुगवटा जवळपास नाहीसा होतो. ३० टक्के चढावर दहा मीटरला तीन मीटर उंची खरीच वाढते. त्यात दीड मीटर इकडेतिकडे झालं तरी फरक बहुतेक वेळा धनच राहतो, खालच्या चुकाही हिशेबात येतात आणि वरच्यांना खाऊन टाकतात. म्हणून ‘एकूण चढ’ हा आकडा ब्रह्मगिरीच्या सरळ चढणीसाठी बराच विश्वासार्ह असतो आणि फेरीसारख्या लांब, सौम्य वाटेसाठी सर्वांत बेभरवशाचा. तीन अ‍ॅपमध्ये सर्वांत मोठी तफावत तुम्हाला पायथ्याच्या आणि पठारावरच्या भागातच सापडेल. भाग तोडून तपासा.

उपाय साधा आहे: एक उंबरठा ठरवायचा. उंची तेवढ्या मीटरांनी खरोखर वाढल्याशिवाय ती चढात धरायचीच नाही.

```python
def total_climb(h, t):
    ref, up = h[0], 0
    for x in h[1:]:
        if x - ref >= t:
            up += x - ref
            ref = x
        elif ref - x >= t:
            ref = x
    return up
```

हातानेच करून बघा. उंची अशी आहे: ७५०, ७५३, ७५१, ७५६, ७५४, ७६०, ७५८, ७६३. उंबरठा १ मीटर ठेवला तर ३ + ५ + ६ + ५ = १९ मीटर चढ. उंबरठा ५ ठेवला तर ७५० वरून ७५६ ला सहा मिळतात, मधलं ७६० त्याच्यापेक्षा फक्त चारने वर असल्याने थांबतं, आणि ७६३ ला सात मिळतात. एकूण १३, जो सुरुवात आणि शेवट यांतला खरा फरक आहे. पण दोनदोन मीटरांचे ते उतार खरेच वाटेवर असतील तर? मग १९ बरोबर आणि १३ चूक. आकड्यांकडे नुसतं बघून हे ठरवता येत नाही. आणखी एक, उंबरठा मोठा ठेवला की प्रत्येक माथ्यावर आणि प्रत्येक खिंडीत थोडी खरी उंचीही कापली जाते.

म्हणून एक उंबरठा निवडून मोकळं होऊ नका. १, २, ३, ५, १०, १५, २० असे उंबरठे घेऊन प्रत्येकाचा एकूण चढ काढा आणि त्याचाच एक छोटा आलेख करा. सुरुवातीला आकडा झपाट्याने घसरतो, तो गोंगाट निघून जातोय. मग एक जवळपास सपाट पट्टा येतो. त्यानंतर पुन्हा घसरण सुरू होते, तेव्हा खरे चढ-उतार कापले जाताहेत. सपाट पट्ट्यातला उंबरठा घ्या, आणि एकूण चढासोबत तो उंबरठाही लिहा. सपाट पट्टा सापडलाच नाही तर समजा की तुमच्या ट्रॅकमधला गोंगाट आणि वाटेवरचे खरे उंचवटे सारख्याच मापाचे आहेत. अशा ट्रॅकवरून एकूण चढाचा एक आकडा देणं प्रामाणिक नाही, पल्ला द्यावा.

ज्यांनी मँडेलब्रॉटचा १९६७ चा ब्रिटनच्या किनारपट्टीवरचा लेख वाचलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. किनाऱ्याची लांबी मोजपट्टीच्या लांबीवर ठरते, तसंच हे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर डोंगराळ भागात समोच्च रेषा साधारण २० मीटरांच्या अंतराने असतात. त्या मोजून चढ काढला तर तुम्ही नकळत २० मीटरांचा उंबरठा लावलेला असतो. जुन्या ट्रेकरांनी नकाशावरून सांगितलेला चढ आणि आजच्या घड्याळाचा चढ यांत फरक पडतो त्याचं अर्धं कारण हेच.

आता उंची येते कुठून हे पाहायला हवं, कारण प्रत्येक स्रोताचा गोंगाट वेगळ्या जातीचा असतो.

जीपीएसची उंची बिंदूबिंदूला थरथरते. ब्रह्मगिरीवर दोन्ही बाजूंना कातळ असलेल्या खोदीव पायऱ्यांत आकाश अर्धंच दिसतं, उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात, आणि नेमक्या तीव्र टप्प्यावरच आलेखात काटे उमटतात. उंची अचानक वीस मीटर वर आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा खाली, तर तो डोंगर नाही. शिवाय कच्ची जीपीएस उंची गणिती लंबगोलापासूनची असते. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठएक मीटरांनी कमी येते. कुणाच्या ट्रॅकमध्ये त्र्यंबक गाव ६९० मीटरांवर दिसलं तर घाबरू नका. सगळ्याच बिंदूंत तेवढाच फरक असल्याने चढावर त्याचा परिणाम शून्य.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या घड्याळाची उंची थरथरत नाही, पण सावकाश सरकते. या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कल घटला की घड्याळाला साधारण नऊ मीटर चढल्यासारखं वाटतं. आणि उष्ण कटिबंधात हवा रोज स्वतःच्या भरती-ओहोटीने हलते. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कल. म्हणजे कुशावर्ताच्या काठावर सकाळी दहापासून चारपर्यंत नुसते बसून राहिलात तरी घड्याळ तुम्हाला तीसेक मीटर वर नेऊन ठेवेल. ही चूक शोधायला फेरीसारखी वाट उत्तम, कारण ती जिथे सुरू होते तिथेच संपते. सुरुवातीची आणि शेवटची उंची जुळत नसेल तर तो फरक म्हणजे सरकणं. तो वेळेच्या प्रमाणात सगळ्या बिंदूंमधून वजा करायचा. आणि लक्षात घ्या, अशा सावकाश सरकण्याने एकूण चढ तीसेक मीटरांनीच बिघडतो, तर एक मीटरच्या थरथरीने शेकड्यांनी. मोठी चूक आणि घातक चूक एकच नसते.

उंचीच्या जाळीचा दोष तिसऱ्याच प्रकारचा. ती थरथरत नाही, सरकत नाही, पण अरुंद गोष्टी तिला दिसत नाहीत. हरिहरचा जिना तिने गुळगुळीत करून टाकला. दुर्गभांडारला ती नेमकं उलट करते.

जटाशंकर मंदिराच्या पुढे कातळात खोदलेला जिना खाली उतरतो, एका छोट्या दारातून जवळजवळ सरपटत बाहेर पडावं लागतं, आणि मग समोर येते ती ब्रह्मगिरी आणि दुर्गभांडार यांना जोडणारी कातळाची अरुंद भिंत. काही मीटर रुंदीची, दोन्हीकडे खोल दरी. ती ओलांडली की पुन्हा दार, पुन्हा पायऱ्या वर. आता ३० मीटरचा चौकोन या भिंतीवर ठेवा. चौकोनाचा थोडासा भाग भिंत, बाकी सगळी दरी. त्याला मिळणारी एकच उंची भिंतीच्या माथ्याची नसते, ती माथा आणि दरी यांच्या मधली कुठलीतरी असते. आलेखात इथे तुम्ही दरीत पडता आणि पुन्हा वर येता. इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक खोल खाच दिसते, आणि अ‍ॅप निमूटपणे तो सगळा ‘चढ’ एकूण बेरजेत घालतं. येताना पुन्हा एकदा. म्हणजे एकाच जाळीने हरिहरचा खरा कडा पुसला आणि दुर्गभांडारचा खोटा कडा उभा केला.

हा दोष ओळखायची एक छान चाचणी आहे, आणि संशोधनात ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. ट्रॅक जसाच्या तसा ठेवून तो आधी १५ मीटर डावीकडे आणि मग १५ मीटर उजवीकडे सरकवा, आणि तिन्ही ट्रॅकसाठी जाळीतून उंची पुन्हा काढा. त्र्यंबक गावात आणि पठारावर तिन्ही आलेख एकमेकांवर बसतील. जिथे ते फाकतात, एक वर आणि दुसरा ऐंशी मीटर खाली, तिथे जाळीची उंची वाटेची नसून शेजारच्या दरीची आहे. त्या तुकड्यापुरती जाळी बाजूला ठेवा आणि दाबाच्या घड्याळाची उंची वापरा. घड्याळ नसेल तर पायऱ्या मोजा. अगदी खरं सांगते, सरासरी पायरीची उंची टेपने मोजून गुणलेला आकडा अशा ठिकाणी उपग्रहापेक्षा चांगला असतो.

हे सगळं कशासाठी, तर शेवटी त्या आकड्यावर माणसं वेळ ठरवतात. विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. आपल्या ब्रह्मगिरीला लावला तर आठ किलोमीटरचे १.६ तास आणि ६०० मीटरचा एक तास, मिळून २.६ तास, विश्रांती सोडून. नियम स्कॉटलंडच्या टेकड्यांवर धडधाकट माणसासाठी बेतलेला आहे, श्रावणातल्या शेवाळलेल्या पायऱ्या त्यात नाहीत, आणि उतरणीचा वेगही त्याने धरलेला नाही. फेरीच्या आलेखात हजार मीटरांचा खोटा चढ शिरला तर या नियमाने तुम्ही पावणेदोन तास फुकट वाढवता, आणि ते फारसं बिघडवत नाही. उलट हरिहरला ३५ मीटरांच्या जिन्यासाठी नियम चार मिनिटंही देत नाही. सुट्टीच्या दिवशी, वरून उतरणारे आणि खालून चढणारे त्याच एका जिन्यावर असताना, चार मिनिटांत तुमचा पहिल्या पायरीला नंबरही लागत नाही. अंधार पडायच्या आत खाली यायचं गणित बिघडतं ते तिथे.

म्हणून फील्डवर्कचं नियोजन लिहिताना मी एकूण चढाच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिते: उंचीचा स्रोत कोणता, उंबरठा किती मीटरांचा, आणि पन्नास मीटरच्या पट्टीने सापडलेला सर्वांत तीव्र टप्पा कितव्या किलोमीटरवर आहे. दुर्गभांडारसारख्या जागी चौथा रकाना लागतो: ‘जाळीची उंची अग्राह्य, पायऱ्या मोजल्या’. परीक्षकांनी त्यावर प्रश्न विचारला तर सरकवलेल्या तीन ट्रॅकचा आलेख पुढे ठेवायचा.